कानातील फडफड

डोळ्याची पापणी लवू लागली की मराठी घरात कोणी ना कोणी विचारतेच, उजवी की डावी? शुभाशुभाचा हिशेब मांडला जातो, दोन-चार दिवसांनी पापणी थांबते आणि गोष्ट विसरली जाते. डोळा निकामी होत आहे अशी शंका कोणाच्या मनात येत नाही, कारण आरशात पाहिले की ती बारीक थरथर दिसते आणि भीतीला जागा उरत नाही. हीच थरथर कानाच्या आत झाली, तर मात्र भलाभला माणूस अस्वस्थ होतो. तिथे आरसा पोहोचत नाही. आणि थरथर दिसण्याऐवजी ऐकू येते. फुलपाखराने पंख मिटले-उघडले असा फडफडाट, कधी नखाने नखावर टिचकी मारल्यासारखी टक्‌टक्‌, तर कधी लांबून जाणाऱ्या ट्रकसारखी घरघर.

'तुझे कान वाजत असतील' असे आपण सहज म्हणतो. त्याचा अर्थ, जे नाही ते तुला ऐकू येते आहे. इथे तो अर्थ लागू पडत नाही. हा आवाज खराच असतो. कानाच्या आत काहीतरी प्रत्यक्ष हलते आणि त्या हालचालीचा आवाज होतो. क्वचित तो इतका स्पष्ट असतो की रुग्णाच्या कानाशी नळी लावली तर डॉक्टरांनाही ऐकू येतो.

हलते ते काय, हे समजण्यासाठी मध्यकर्णाची रचना थोडी ध्यानात घ्यावी लागते. कानाच्या पडद्यामागे हवेची एक छोटीशी पोकळी आहे. तीत हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडे साखळीसारखी जोडलेली असतात. पडद्यावरचे कंपन ती आतल्या कानापर्यंत पोहोचवतात. या साखळीला दोन स्नायू धरलेले आहेत. हातोडीला जोडलेला टेन्सर टिम्पॅनी सुमारे २ सेंटिमीटर लांबीचा. रिकिबीला जोडलेला स्टेपिडियस जेमतेम ६ मिलिमीटरचा. शरीरातील हाडांना जोडलेल्या स्नायूंमध्ये तो सर्वांत लहान. मोठा आवाज आला की स्टेपिडियस आकसतो आणि साखळी ताठ करून आत जाणारा आवाज थोडा दबवतो. आपण स्वतः बोलतो तेव्हाही तो हेच काम करतो. टेन्सर टिम्पॅनी अन्न चावताना, गिळताना आणि दचकताना आकसतो. डोळे घट्ट मिटले असता काहींना कानात जी गडगड ऐकू येते, ती बहुधा त्याचीच. (फटाक्यापुढे मात्र हे दोघे दुबळे ठरतात. त्यांना आकसायला सेकंदाचा काही अंश लागतो, तोवर स्फोटाचा आवाज आत पोहोचलेला असतो.)

हे काम हुकमाशिवाय, आपल्याच लयीत होऊ लागले की फडफड सुरू होते. वैद्यकात याला मध्यकर्णाच्या स्नायूंचा मायोक्लोनस म्हणतात. पापणी लवते तेव्हा तिच्या स्नायूचे काही तंतू असेच विनाकारण आकसत असतात. फरक जागेचा आहे. पापणीच्या थरथरीला आवाज नाही. मध्यकर्णातील स्नायू मात्र ऐकण्याच्या यंत्रालाच बांधलेला आहे, त्यामुळे त्याची केसाएवढी हालचालही थेट ऐकू येते. आवाज मोठा वाटतो म्हणून बिघाडही मोठा असेल, हा समज इथे फसतो.

महाडच्या बाजारपेठेतील एका किराणा व्यापाऱ्याचे उदाहरण धरावे, वय पंचेचाळिशीचे. जुलै महिना, सावित्री आणि गांधारी दोन्ही भरून वाहत आहेत. २०२१ च्या जुलैतील महापूर ज्याने पाहिला आहे, तो अशा रात्री झोपत नाही. तळातली पोती माळ्यावर चढवायची, दर तासाला उठून रस्त्यावरचे पाणी पाहायचे, आणि डोळे उघडे राहावेत म्हणून चहावर चहा. अशा तीन रात्री गेल्या. चौथ्या रात्री पाऊस ओसरला, घर शांत झाले आणि डाव्या कानात फडफड सुरू झाली. आठ-दहा फडफडाट, मग काही मिनिटे शांतता, मग पुन्हा तेच. सकाळी स्वयंपाकघरात स्टीलचे ताट पडले आणि त्या आवाजासरशी कान पुन्हा फडफडला. घरात तर्क सुरू झाले. कोणी म्हणाले किडा शिरला, कोणी म्हणाले रक्तदाब वाढला. कोणी तेलाची वाटी कोमट करून आणली.

तेल घालण्यापूर्वी अशा घरात दोन साध्या गोष्टी तपासता येतात. पहिली नाडी. उजव्या हाताची बोटे डाव्या मनगटावर ठेवावीत आणि कानातील आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर येतो का, हे मिनिटभर पाहावे. व्यापाऱ्याची नाडी मिनिटाला ७८ होती. फडफड कधी सेकंदात तीनदा, कधी मुळीच नाही. दोहोंचा मेळ बसला नाही, म्हणजे आवाज रक्तवाहिनीचा असण्याचा संभव कमी. मेळ बसला असता, तर प्रकरण वेगळे झाले असते. नाडीच्या तालावर कानात होणारा धप्‌धप्‌ आवाज रक्तप्रवाहाचा असू शकतो; तो स्नायूचा आहे असे मानून घरी बसू नये, तपासून घ्यावा.

दुसरी गोष्ट किड्याची. कोकणच्या पावसाळ्यात कानात किडा जाणे हे काही नवल नव्हे, त्यामुळे ती शंका वाजवीच. पण जिवंत किडा कानाच्या नळीत वळवळतो, ओरबाडतो. त्याने वेदना होते, आणि तो ताट पडण्याची वाट पाहत नाही. स्नायूची फडफड सहसा दुखत नाही. ती टप्प्याटप्प्याने येते आणि मोठ्या आवाजाने, दचकल्याने किंवा चेहऱ्याच्या हालचालीने जागी होते. शंका उरलीच तर डॉक्टरांनी दिव्याने कानात पाहिले की अर्ध्या मिनिटात उत्तर मिळते. पडद्याला भोक आहे की नाही हे ठाऊक नसताना कानात तेल घालणे, किंवा काडी, पिन घालून कोरणे, यातून होणारी इजा फडफडीपेक्षा कितीतरी वाईट असते. पडद्याला चिकटलेला मळाचा कण किंवा केसही जबडा हलवताना टक्‌ असा आवाज करतो, हेही त्याच तपासणीत कळते.

पोलादपूरकरांच्या परिचयाचा आणखी एक आवाज इथे वेगळा काढला पाहिजे. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंचीवर. तिथून आंबेनळी घाटाने सुमारे ४० किलोमीटर उतरत पोलादपूरला येताना कान बंद होतात आणि आवंढा गिळला की टक्‌ होऊन उघडतात. नाकाच्या मागच्या भागातून मध्यकर्णाकडे जाणारी नळी उघडून दाब समान झाला, एवढाच त्याचा अर्थ. एका गिळण्याला एक टक्‌, आणि गिळले नाही तर आवाज नाही. सर्दीत ही नळी सुजली असेल तर घाट उतरल्यावर दोन-तीन दिवसही कान किरकिरतो. ती स्नायूची उबळ नव्हे.

व्यापाऱ्याकडे पुन्हा वळू. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी पडदा पाहिला; तो शाबूत, मोत्यासारखा चमकदार. श्रवणचाचणी दोन्ही कानांची सारखी आणि चांगली आली. मग कानाच्या तोंडाशी रबरी टोक बसवून पडद्याची हालचाल मोजणारी चाचणी, म्हणजे टिम्पॅनोमेट्री, नेहमीपेक्षा अधिक वेळ चालू ठेवली. कागदावरची सरळ रेघ मध्येच दातेरी झाली, आणि नेमक्या त्याच क्षणी व्यापाऱ्याने 'आता झाले' म्हणून हात वर केला. निदानाला याहून बोलका पुरावा सहसा मिळत नाही. अर्थात उबळ त्या वेळी आली नाही तर रेघ सरळही येते, आणि तेवढ्यावरून रुग्णाला खोटे ठरवता येत नाही.

ही उबळ बहुतेकदा निरुपद्रवी का, याचे उत्तर त्या श्रवणचाचणीतच आहे. ऐकू येणे अवलंबून असते आतल्या कानातील सूक्ष्म केसपेशींवर आणि तेथून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर. ही उबळ त्या दोहोंना हात लावत नाही. स्नायू जी हालचाल करतो, ती तो एरवीही दिवसातून अनेकदा करतच असतो. पडदा फाटावा इतके बळ त्याच्यात नाही. चुकते ती वेळ: काम नसताना तो आकसतो. जाग्रण, ताण, दात आवळण्याची सवय, चहा-कॉफीचा अतिरेक, मोठ्या आवाजाचा मारा यांनी स्नायू चिडखोर होतात. आणि दचकण्याशी टेन्सर टिम्पॅनीचा संबंध असल्यामुळे भीतीने उबळ वाढते, वाढलेल्या उबळीने भीती वाढते. निदान सांगितल्यावर काही जणांची फडफड औषधाविना निम्मी होते, त्यामागे हेच चक्र तुटणे असते.

मात्र काही खुणा दिसल्यास ही समजूत लावून घेऊ नये. ऐकू कमी येणे, विशेषतः एका-दोन दिवसांत अचानक, कानातून पाणी किंवा पू येणे, चक्कर, कानाच्याच बाजूचा चेहरा ओढल्यासारखा लवणे, डोक्याला मार लागल्यानंतर आवाज सुरू होणे. एक प्रकार टाळूचा आहे. मऊ टाळूचे स्नायू तालबद्ध हलले की वर सांगितलेली नळी पुन्हा पुन्हा उघडते आणि टक्‌टक्‌ ऐकू येते. तोंडात पाहिल्यास टाळू हलताना दिसतो. यातही बहुतेकदा गंभीर काही नसते आणि झोपेत ही हालचाल थांबते. पण ती झोपेतही चालू असेल, बोलणे बोबडे झाले असेल, गिळताना ठसका लागत असेल किंवा चाल डगमगत असेल, तर मेंदूच्या खालच्या भागाची तपासणी लागते. चेहऱ्याचा पक्षाघात होऊन गेलेल्या माणसाला डोळा मिचकावताना कानात फडफड जाणवली, तर तेथे कारण उघडच असते: बरी होताना नसेचे धागे थोडे चुकीच्या वाटेने जोडले गेलेले असतात.

उपचार पायरीपायरीने होतो. त्या व्यापाऱ्याला झोप भरून काढणे, सायंकाळनंतर चहा बंद आणि रात्री पंख्याचा मंद आवाज चालू ठेवणे एवढेच सांगितले गेले. निःशब्द खोलीत ही फडफड अधिक ठळक ऐकू येते, म्हणून पंखा. दिवसभर कानात बोळे घालून बसण्यास मनाई केली, कारण आवाज टाळत गेले की कान आणखी हळवा होतो. तीन-चार आठवड्यांत फडफड दिवसातून एक-दोन वेळांवर आली, आणि पुढे दुकानाच्या गडबडीत ती केव्हा थांबली याची नोंद राहिली नाही. जिथे असे होत नाही आणि महिनोन्‌महिने झोप उडते, तिथे स्नायू सैल करणारी औषधे देऊन पाहतात. ती काहींना लागू पडतात, काहींना नाही, आणि त्यांतील काहींनी सुस्ती येते किंवा त्यांची सवय लागते, म्हणून ती आपल्या मनाने घेऊ नयेत. अगदी शेवटी शस्त्रक्रिया: पडदा बाजूला सारून त्या दोन स्नायूंच्या दोऱ्या कापतात. अनेकांची फडफड त्याने थांबते. मात्र मोठ्या आवाजावर आकसण्याचे स्नायूंचे नेहमीचे कामही त्याबरोबर जाते, म्हणून आधी वाट पाहिली जाते.