पर्पल मॉन्सून नावाचं पाप

मामाच्या आइस्क्रीमच्या दुकानाचा फळा मी लिहितो. घरात 'कॉम्प्युटरवाला' मीच, त्यामुळे हे कामही माझ्याकडे आलं. गेल्या जूनमध्ये जांभळाचं आइस्क्रीम आलं आणि मी ऐटीत खडूने लिहिलं: 'पर्पल मॉन्सून'.

दोन दिवसांत तक्रारी सुरू. "यात पर्पल कुठंय?" खरंच नव्हतं. जांभळाचा रंग आंबटपणात लालसर-जांभळा खुलतो. दूध जवळपास आंबट नसतंच, त्यामुळे त्यात गर पडला की रंग मळकट, राखाडीकडे झुकतो. तुरटपणाही कमी होतो, कारण तो आणणारी टॅनिन्स दुधातल्या प्रथिनांना चिकटतात. म्हणजे माझ्या नावातला रंगही खोटा आणि पावसाचा जोरही खोटा.

मग दुकानातला पोरगा म्हणाला, "दादा, थोडा रंग टाकू की." त्या क्षणी मला घाम फुटला. आइस्क्रीम चांगलंच होतं. खोटं होतं ते नाव, आणि आता नावाला खरं ठरवायला आम्ही पदार्थ बिघडवणार होतो!

हेच मला सगळ्या 'ब्लिस', 'मॅजिक', 'ड्रीम'वाल्यांना सांगायचंय. खोटं नाव फळ्यावर थांबत नाही, ते पातेल्यात उतरतं. आधी रंग येतो, मग इसेन्स, आणि शेवटी फळच परवडेनासं होतं.

"पण साधं नाव कोण वाचणार?" असं तुम्ही म्हणाल. साधं कोण म्हणतंय? आम्ही रंग घातला नाही, फळा पुसला. त्याच गराचं बिनदुधाचंही केलं, वर चिमूटभर मीठ. नवा फळा असा:

जांभूळ-दूध: फिकट रंग, सौम्य, मागून किंचित तुरट.
जांभूळ, बिनदुधाचं: गडद, तुरट, मीठ लावलेलं. जीभ जांभळी होईल.

शेवटचं वाक्य जाहिरात वाटतं, पण ते निव्वळ वर्णन आहे. कॉलेजची पोरं जिभा बाहेर काढून सेल्फी काढत होती. आणि ज्यांना तुरट आवडत नाही, त्यांनी पहिलं घेतलं. एकही कप परत आला नाही.

जुलै सरता सरता ताजी जांभळं संपली. फ्रीझरमध्ये गर होता. मामा म्हणाला, "राहू दे की फळा तसाच." मी एक ओळ वाढवली: 'जूनमध्ये साठवलेल्या गराचं'. मामा दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. गर संपला त्या दिवशी मात्र इसेन्सची बाटली न आणता त्यानेच फडकं घेऊन दोन्ही ओळी पुसल्या.

ऋतूचं आइस्क्रीम म्हणायचं, तर ते कधीतरी संपायलाच हवं ना?