अक्षय काय: घेतलेले की दिलेले?

वैशाख शुद्ध तृतीयेच्या आधी आठ दिवस अहिल्यानगर शहरातील सराफी पेढ्यांवर फलक झळकू लागतात. ‘अक्षय’ या शब्दाखाली अंगठ्यांची आणि नाण्यांची चित्रे असतात. ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी याच आठवड्यात पाथर्डी, पारनेर, जामखेडच्या वाड्यावस्त्यांवर बायका रिकामे हंडे मांडून टँकरची वाट पाहत बसलेल्या असतात. या दोन दृश्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, असे कोणाला वाटत नाही. परंतु ज्या तिथीच्या नावाने सोने विकले जाते, त्या तिथीचे मूळ कर्म तहानलेल्याला पाणी देणे हेच होते. म्हणून हा संबंध एकदा तपासून पाहणे आवश्यक आहे.

या जिल्ह्यात जुनी माणसे या सणाला ‘आखिती’ म्हणतात. त्या दिवशी कुंभाराकडून मातीची नवी मडकी, करा आणि केळी, आणली जातात. त्यांत पाणी भरून वाळा टाकतात, गळ्याला सूत गुंडाळतात आणि धान्याच्या राशीवर ती मांडून तोंडावर आंबा किंवा खरबूज ठेवतात. घरातील गेलेल्या माणसांची नावे घेऊन पुरणपोळी आणि आमरसाचा नैवेद्य दाखविला जातो. हा नैवेद्य होईपर्यंत त्या वर्षीचा आंबा तोंडात घालायचा नाही, असा नेम कितीतरी घरे आजही पाळतात. मग ते पाण्याने भरलेले मडके दान दिले जाते. बाप, आजा, सासू यांच्यापर्यंत ऐन उन्हाळ्यात पाणी पोहोचावे, ही त्यामागची भावना होय. श्रद्धेचा भाग वेगळा ठेवला तरी तिच्यातील माणुसकी कोणालाही कळण्यासारखी आहे.

धर्मशास्त्राचे म्हणणेही याहून वेगळे नाही. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० साली लिहिलेला ‘धर्मसिंधु’ हा ग्रंथ महाराष्ट्रातील पुरोहितांचा रोजच्या वापराचा आधार. तृतीयेला त्यात युगादी तिथी मानले आहे. या दिवशीचे श्राद्ध पिंडाविना करावे आणि तेही जमत नसेल तर तिळमिश्रित पाण्याने तर्पण करावे, असा त्यातील निर्णय आहे. दानाच्या यादीत पाण्याचा कुंभ आहे, जव, गहू, हरभरे, सातू आणि दहीभात आहे, उन्हाळ्यात उपयोगी पडणाऱ्या वस्तू आहेत. त्याच परंपरेतील पुराणवचनांत सोन्याचाही उल्लेख येतो, पण तो कुंभाबरोबर देण्याच्या सोन्याचा. सोने विकत घेऊन स्वतःच्या कपाटात ठेवावे, असा विधी त्यांत नाही. आजच्या दिवशी जे दिले ते क्षय पावत नाही, म्हणून ही तिथी अक्षय. शास्त्रकारांनी नावाची फोड केली ती अशी. ‘अक्षय’ हे विशेषण दिलेल्या वस्तूचे होते. आज ते घेतलेल्या वस्तूला चिकटले आहे.

हा बदल एका दिवसात झाला नाही आणि त्याला केवळ लोकांचा भाबडेपणाही कारण नाही. तृतीयेची गणना साडेतीन मुहूर्तांत होते. या दिवशी कोणतेही काम पंचांग न पाहता आरंभावे, अशी समजूत जुनीच आहे. वैशाख हा लग्नसराईचा महिना असल्याने मणी, डोरले, जोडवी यांची खरेदी या सुमारास व्हायचीच. मुहूर्त आणि गरज एकत्र आल्यावर काही घरे त्या दिवशी सोने घेत, यात नवल नाही. पण लग्नघरापुरता असलेला हा व्यवहार घराघराचे कर्तव्य कसा बनला, याचे उत्तर शास्त्रात न शोधता बाजारात शोधावे लागते.

जानेवारी १९६३ मध्ये, चीनबरोबरच्या युद्धानंतर, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्णनियंत्रणाचे नियम आले. चौदा कॅरटपेक्षा अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली आणि देशभर असंख्य सोनार कारागिरांच्या चुली विझल्या. पुढे ही बंदी सैल झाली, तरी १९६८ च्या कायद्याने सोन्याचा व्यापार परवान्यांनी आणि नोंदवह्यांनी बांधलेला राहिला. असा माल जाहिरात करून खपविण्यासारखा नव्हता. १९९० साली तो कायदा रद्द झाला, १९९२ पासून परदेशातून येणाऱ्यांना ठरावीक सोने आणण्याची मुभा मिळाली आणि १९९७ मध्ये बँकांना आयातीचा मार्ग मोकळा झाला. आता माल मुबलक होता. त्याला खपाचे दिवस हवे होते. जगातील सोन्याच्या खाण कंपन्यांनी सोन्याची मागणी वाढविण्यासाठी १९८७ साली वर्ल्ड गोल्ड कौन्सिल ही संस्था स्थापन केली होती. तिने आणि मोठ्या सराफांनी तृतीयेचा सण हेरला. दूरचित्रवाणी आणि वृत्तपत्रांच्या पानभर जाहिरातींतून ‘आज घेतलेले सोने वाढत जाते’ हे वाक्य इतके गिरविले गेले, की ते आजीच्या तोंडचेच असावे असे नव्या पिढीला वाटू लागले. परंपरेच्या शब्दाला हात न लावता त्याचा अर्थ तेवढा फिरविण्यात आला.

या अर्थांतराची किंमत कोण मोजतो, हे पाहण्यासाठी पाथर्डी तालुक्यातील एखादे ऊसतोड कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. मुकादमाकडून उचल घेऊन कार्तिकात घर सोडलेली ही नवराबायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, कारखान्याचा पट्टा पडल्यावर पाडवा-तृतीयेच्या सुमारास गावी परतते. उचल फिटून हाती काही उरलेच, तर ‘आखितीला गुंजभर तरी सोने घ्यावे’ असे घरात ठरते. हिशेबाच्या सोयीसाठी बावीस कॅरट सोन्याचा भाव ग्रॅमला दहा हजार रुपये धरू. एक ग्रॅमच्या अंगठीवर बारा टक्के घडणावळ लागली, तर किंमत अकरा हजार दोनशे झाली. त्यावर तीन टक्के वस्तू व सेवा कर म्हणजे तीनशे छत्तीस रुपये. एकूण अकरा हजार पाचशे छत्तीस रुपये मोजून अंगठी घरी आली. दुसऱ्या दिवशी तीच अंगठी मोडायला नेली, तर घडणावळ आणि कर दोन्ही शून्य होतात. दोन टक्के घट धरून हाती नऊ हजार आठशे रुपये येतात. म्हणजे नुसते मुद्दल परत मिळण्यासाठी भाव जवळजवळ अठरा टक्के चढावा लागतो. दागिना जितका लहान तितकी घडणावळ प्रमाणाने अधिक, म्हणून हा भार गरिबाच्या गुंजभर सोन्यावर श्रीमंताच्या पाटल्यांपेक्षा जास्त पडतो.

शुद्धतेच्या हमीचेही तसेच आहे. जून २०२१ पासून अधिसूचित जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला आणि एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र ओळखक्रमांक आवश्यक ठरला. परंतु दोन ग्रॅमच्या आतील वस्तूंना या सक्तीतून सूट आहे. ज्याची सारी बचत एका ग्रॅमात सामावते, त्यालाच कायद्याचे संरक्षण नाही. अशा गिऱ्हाइकाने निदान पक्की पावती मागावी. तिच्यावर वजन, कॅरट, घडणावळ आणि कर वेगवेगळे लिहिलेले असावेत. खडा असेल तर त्याचे वजन सोन्यात धरलेले नाही, याची खात्री करावी. कच्च्या चिठ्ठीवर घेतलेले सोने मोडताना तेच दुकान त्यात खोट काढते, तेव्हा भांडायला हाती कागद नसतो.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गरिबाला पेन्शन नाही, विमा नाही, बँकेच्या दारात पत नाही; अडीअडचणीला उभे राहते ते सोनेच. बाईच्या नावावर जमीन नसते, घर नसते. गळ्यातले चार मणी एवढीच तिची मालमत्ता. गेल्या कित्येक वर्षांत भाव चढतच गेला, हेही खरे. हे सर्व मान्य करूनही दोन गोष्टी उरतात. एक म्हणजे, सोने साठवायचे असेल तर ते तृतीयेलाच घेण्याने त्यात काडीचीही भर पडत नाही; उलट गर्दीच्या दिवशी तोलूनमापून, विचारून घेण्याची सवड मिळत नाही. दुसरी गोष्ट अधिक कटू आहे. कोरडवाहू भागात हे सोने फार दिवस घरात राहत नाही. मृग तोंडावर आला की बियाण्यासाठी ते पतसंस्थेत किंवा सावकाराकडे गहाण पडते. विहिरीला पाणी नाही म्हणून बोअर घ्यायचे ठरते तेव्हाही पहिला हात बाईच्या गळ्याकडेच जातो. बोअर कोरडे गेले तर मणीही गेले आणि पाणीही नाही. सोने अक्षय असल्याचे वाक्य पतसंस्थेच्या दारात क्षय पावते. ज्या गोष्टीच्या अभावी ते तिथे पोहोचले, ती गोष्ट पाणीच असते.

म्हणून जुन्या विधीकडे पुन्हा वळायचे, तर तो जसाच्या तसा उचलूनही चालणार नाही. शास्त्राने उदककुंभ दान सांगितले, पण तो घेण्याचा अधिकार ब्राह्मणाचा. वेशीबाहेरच्या माणसाला मात्र गावच्या पाणवठ्याला हात लावण्याची बंदी होती. ज्या समाजात पाण्याचे दान पुण्यकर्म होते, त्याच समाजात पाणी पिणे हा काहींचा अपराध होता. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. उदककुंभाचा खरा अर्थ या दोन कृतींनी सांगितला. पाणी ही कोणी कोणाला द्यायची दक्षिणा नसून ते सर्वांच्या हक्काचे आहे, हा तो अर्थ.

ज्या अहिल्याबाईंचे नाव २०२४ साली या जिल्ह्याला मिळाले, त्यांचा जन्म १७२५ साली जामखेड तालुक्यातील चोंडीचा. देशभर लोक त्यांना ओळखतात ते त्यांनी बांधलेल्या विहिरी, बारव, घाट आणि अन्नछत्रे यांमुळे. राज्यकर्त्याच्या हाती आलेले धन वाटसरूच्या तहानेकडे वळविता येते, याचे ते उदाहरण होय. पण अहिल्याबाईंची वाट पाहत बसण्याचे दिवस लोकशाहीत राहिले नाहीत. याच जिल्ह्यातील हिवरे बाजारने १९९० नंतर ते काम गावानेच हाती घेऊन दाखविले. डोंगरउतारावर चर खोदले, चराईबंदी केली, शेतीसाठी बोअर घेणे बंद केले, उसासारख्या तहानलेल्या पिकाला नकार दिला. दरवर्षी पाऊस किती झाला आणि भूजल किती उरले, याचा हिशेब ग्रामसभेत मांडून त्यानुसार पिके ठरविण्याची पद्धत पाडली. पुढच्या पिढीसाठी भूगर्भात पाणी राखून ठेवणे, हा गेलेल्यांच्या आणि येणाऱ्यांच्या नावाने भरलेला कुंभच म्हटला पाहिजे.

कार्यकर्त्यांनी तृतीयेला सोन्याच्या दुकानापुढे उभे राहून निदर्शने करण्याची गरज नाही. ज्याला घ्यायचे त्याने घ्यावे; पावती मात्र नीट घ्यावी. त्या दिवशी एसटीच्या थांब्यावर, मजूरअड्ड्यावर, ऊसतोड्यांच्या परतीच्या वाटेवर पाणपोई उभी करता येईल. तिच्यावर देणाऱ्याचे नाव लिहिण्यापेक्षा त्या गावात गेल्या वर्षी वारलेल्या सर्व माणसांची नावे, जातीचा भेद न करता, लिहिता येतील. आणि जी ग्रामपंचायत पाण्याचा हिशेब मांडत नाही, तिला त्याच महिन्याच्या ग्रामसभेत तो मागता येईल. आखितीचे पितर मडक्याकडे पाहत असतील, तर त्यांना एवढेच दिसावे, की पाणी शेवटच्या घरापर्यंत पोहोचले.