थायलंडची पौर्णिमा चुकलेली नाही

२०२३ मध्ये कोराडीत आम्ही बुद्ध पौर्णिमा ५ मेला साजरी केली, थायलंडने ३ जूनला. ‘ते चुकले’ म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान असतं, म्हणून साधारण तीन वर्षांनी एक महिना वाढवावा लागतो. त्या वर्षी आपल्याकडे अधिक श्रावण आला. तो वैशाखानंतरचा, त्यामुळे आपली तारीख हलली नाही. थायलंडमध्ये नेहमी आठवाच महिना दोनदा धरतात आणि अशा वर्षी विशाखा पूजा सहाव्याऐवजी सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला करतात. नियम ठरलेला आहे, मग चूक कुठली? जपानने तर चंद्रच सोडला. तिथे बुद्धजन्म ८ एप्रिललाच.

आणि आपलीच तारीख शुद्ध बौद्ध कशी? ज्या पंचांगातून अक्षय्य तृतीया येते, त्यातूनच तीही येते.