मामांचे तेरा मिलिमीटर

ग्वाल्हेरच्या इंदरगंजातून मामांचा फोन आला. वय ६८, विडी तरुणपणापासूनची. पित्ताशयातल्या खड्यांसाठी सोनोग्राफी केली, तर पोटातली महाधमनी ४.२ सेंटिमीटर रुंद निघाली. "लगेच ऑपरेशन करून घेऊ का रे?"

ही धमनी साधारण २ सेंटिमीटर असते. ३ झाली की फुगा म्हणायचे. तो बहुधा दुखत नाही, म्हणून शोधावा लागतो. ब्रिटनमध्ये पुरुषांना ६५व्या वर्षी त्यासाठी सोनोग्राफीला बोलावतात. आपल्याकडे तशी राष्ट्रीय योजना नाही. म्हणून कधीही धूम्रपान केलेल्या ६५ ते ७५ वयाच्या पुरुषांनी डॉक्टरांना आपणहून विचारावे.

शस्त्रक्रियेचा सल्ला पुरुषांना साधारण ५.५ आणि स्त्रियांना ५ सेंटिमीटरला देतात. त्याआधी घाई करून आयुष्य वाढत नाही, असे मोठ्या चाचण्यांत दिसले आहे. लहान फुगा वर्षाला सरासरी २-३ मिलिमीटर वाढतो. मामांना १३ मिलिमीटर बाकी, म्हणजे अंदाजे पाच वर्षे. ब्रिटनच्या पद्धतीने ४.५ पर्यंत वर्षातून एकदा आणि पुढे दर तीन महिन्यांनी मोजायचे. मोजणाराचा हात बदलला तरी दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतो, तेव्हा शक्यतो एकाच ठिकाणी जावे.

मात्र वर्षात १ सेंटिमीटर वाढ झाली तर आकड्याची वाट पाहायची नाही. पोटात किंवा पाठीत अचानक जोराची कळ आली, तर त्याच क्षणी इस्पितळ गाठायचे.

विडीने फुगा लवकर वाढतो, हे ऐकून मामा गप्प झाले. दुसऱ्या दिवशी मामींचा फोन आला, "बंडल चुलीत गेलं!"