मॅच आपली, पोस्ट दुकानाची

१९ नोव्हेंबर २०२३ ची रात्र आठवते ना? अहमदाबादला आपण २४० वर आटोपलो आणि ट्रॅव्हिस हेडनं १३७ धावा ठोकून सगळ्या देशाला गप्प केलं. गगनबावड्यात माझ्या मामाच्या खेळाच्या साहित्याच्या दुकानात आम्ही वीसेक जण टीव्हीसमोर बसलो होतो. मॅच संपली, कुणी कुणाशी बोलेना. तेवढ्यात एका पोरानं मोबाइल वर करून विचारलं, ‘मामा, तुम्ही कुठली मॅच बघत होता?’

दुकानाच्या इन्स्टाग्रामवर पोस्ट पडली होती : ‘विश्वविजेता भारत! जल्लोष ऑफर, सर्व बॅटवर २० टक्के सूट!’ सोबत फटाके आणि रोहितचा फोटो. मीच दुपारी बनवली होती आणि रात्री साडेनऊची वेळ लावून ठेवली होती. आपण जिंकणारच, असं धरून. मास कॉमची विद्यार्थिनी म्हणून मामानं मोठ्या विश्वासानं काम दिलं होतं. डिलीट करेपर्यंत स्क्रीनशॉट गावभर फिरला. त्याचं नाव पुढं महिनाभर ‘जल्लोष ऑफर’ होतं.

आज आपल्यापैकी कितीतरी जण कॉलेज करता करता कुणाचं तरी पेज सांभाळतात. काकाचं हॉटेल, मित्राची जिम, मामाचं दुकान. मोठी मॅच आली की मालक म्हणतो, ‘काहीतरी टाक की रे.’ हे ‘काहीतरी’ कधी आणि कसं टाकायचं, याचा विचार मात्र कुणी करत नाही. माझं मत स्पष्ट आहे. निकालावर ऑफर लावणं हीच खरी चूक. बाकीच्या चुका तिच्या पोटातून येतात.

का, ते बघा. ऑफर निकालाला बांधली की पोस्ट आधी तयार ठेवावी लागते, मग वेळ लावावी लागते, आणि मॅच आपल्या वेळापत्रकानं चालत नाही. गगनबावड्यात तर त्याहून वाईट. वेळ लावलेली पोस्ट तुमच्या मोबाइलमधून जात नाही, ती कंपनीच्या सर्व्हरवरून जाते. इथं लाइट गेली, टॉवर बंद पडला, तरी ती वेळेवर पडणार. थांबवायची म्हटली तर तुमच्याकडं रेंज नाही. याच्या उलट व्हॉट्सअॅप स्टेटस. ते मोबाइलवरच अडकून बसतं आणि रेंज आल्यावर सुटतं. रात्री ‘आता शेवटची ओव्हर!’ म्हणून टाकलेलं स्टेटस सकाळी चहाच्या वेळी लोकांना दिसतं. पावसाळ्यात आमच्याकडं हे नवीन नाही.

वेळ लावून विसरण्याचा याहून गंभीर धोका गेल्या वर्षी दिसला. ३ जून २०२५ ला आरसीबीनं पहिल्यांदा आयपीएल जिंकली. दुसऱ्या दिवशी बेंगळुरूत चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरी झाली आणि ११ जणांचा जीव गेला. अशा संध्याकाळी कुणाची ‘विजयोत्सव सेल’ची आधी लावून ठेवलेली पोस्ट पडली असती, तर? त्या दुकानदाराच्या मनात काही वाईट नसतं, पण बघणाऱ्याला ते कसं कळणार? म्हणून नियम साधा आहे. मॅचशी जोडलेली कुठलीही पोस्ट माणसानं हातानं टाकायची, आणि टाकण्याआधी दोन मिनिटं बातम्या बघायच्या. आपल्या भागात घाट बंद आहे का, दरड पडलीय का, कुणाच्या घरी काही झालंय का, हेसुद्धा त्या दोन मिनिटांतच. दरड पडून माणसं अडकलेली असताना ‘आज सिक्सर बघायला या’ हे विनोदी राहत नाही.

आता प्रत्यक्ष काय केलं ते सांगते. २ नोव्हेंबर २०२५, रविवार. महिला विश्वचषकाची फायनल, नवी मुंबईत, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका. मामा म्हणाला, ‘या टायमाला नीट कर बाई.’ आम्ही आधी ठरवलं की त्या दिवशी काहीच विकायचं नाही. पोस्टमध्ये किंमत नाही, सूट नाही, ‘भेट द्या’ नाही. दुकानाचं नाव तर पेजवर वर दिसतंच, ते परत कशाला?

सकाळी दहाला पहिली पोस्ट. फोटो दुकानाच्या अर्ध्या ओढलेल्या शटरचा. मजकूर : ‘आज आपल्या पोरी फायनल खेळतायत. दुकान दोनला बंद. बॉल पाहिजे असेल तर दोनच्या आत या, नंतर मालक टीव्हीसमोरून उठणार नाही.’ सकाळी, कारण तेव्हा कुणी मॅच बघत नसतं आणि लोकांना दिवस ठरवायचा असतो. शिवाय हे खरं होतं. मामानं खरंच शटर ओढलं, रविवारचा धंदा सोडला. मला वाटतं, संधीसाधूपणा आणि सहभाग यांतला फरक इथंच आहे. दुकान त्या दिवसातून काही घेतंय, की स्वतःचं काही सोडतंय? बघणाऱ्याला हे लगेच कळतं.

तीनला मॅच सुरू व्हायची होती. नवी मुंबईत पाऊस, टॉस लांबला. हा मधला वेळ हलक्याफुलक्या पोस्टसाठी सगळ्यात चांगला. सगळे मोबाइल हातात घेऊन बसलेले, बघायला काही नाही, आणि कुणी हरत-जिंकत नाही. आम्ही स्टेटस टाकलं : ‘पाऊस थांबायची वाट बघणं? गगनबावडेकरांना हे शिकवू नका. आमची जून ते सप्टेंबर प्रॅक्टिस असते.’ यात दुकानाचा ‘द’ सुद्धा नाही, तरी त्या दिवशी सगळ्यात जास्त उत्तरं यालाच आली. विनोद आपल्या गावावर होता. समोरच्या टीमवर, कुणा खेळाडूवर किंवा ‘मुली असूनही’ अशा थाटाचा नव्हता. हे स्टेटसवरच टाकलं, पेजवर नाही. स्टेटस चोवीस तासांत जातं. क्षणाचा विनोद क्षणाच्या जागी टाकावा, तो तीन महिन्यांनी पेजवर शिळा दिसतो.

मॅच पाचच्या सुमारास सुरू झाली. त्यानंतर आम्ही काही टाकलं नाही. भारताच्या २९८ झाल्या, शफालीनं ८७ केल्या, तरी नाही. मॅच चालू असताना दुकानाचं बोलणं म्हणजे बोलिंग चालू असताना साइटस्क्रीनसमोरून चालत जाणं. आणि धोका होताच. दक्षिण आफ्रिकेची लॉरा वोल्वार्ट शतक करून उभी होती. तेव्हा ‘जिंकलो’ म्हणून कुणी पोस्ट लावली असती, तर २०२३ ची पुनरावृत्ती झाली असती. अमनजोतच्या हातून दोनदा निसटलेला तो कॅच शेवटी पकडला गेला, तेव्हा कुठं आमच्यातला एक जण श्वास सोडल्यासारखा बोलला. शेवटची विकेट पडली तेव्हा मध्यरात्र झाली होती. ५२ धावांनी जिंकलो.

मी मोबाइल काढला. मामा म्हणाला, ‘आत्ता नको. आत्ता प्रत्येकाला आपलंच बोलायचंय.’ ही गोष्ट मला कुठल्या लेक्चरमध्ये कुणी सांगितली नव्हती. विजयानंतरचा पहिला तास लोकांचा असतो. त्या गर्दीत दुकानाची पोस्ट एक तर हरवते, नाही तर घुसखोर वाटते. आमची पोस्ट सोमवारी सकाळी आठला पडली : ‘अभिनंदन, पोरींनो. शेजारच्या सांगलीला आज जास्त मिरवायचा हक्क आहे, मान्य. दुकान आज दहाला उघडेल, मालक रडून उशिरा झोपलाय.’ हरलो असतो तर काय, तेही वहीत लिहून ठेवलं होतं : ‘फायनलपर्यंत नेलंत, धन्यवाद.’ एवढंच. हरल्यावर सांत्वनाची ऑफर तर अजिबात नको.

तुम्ही म्हणाल, स्मृती मानधनाचं नाव आणि फोटो का नाही टाकला? मुद्दाम नाही टाकला. २०२१ मध्ये पी. व्ही. सिंधूनं टोकियोत ब्राँझ जिंकल्यावर बऱ्याच ब्रँडनी तिच्या फोटोसह अभिनंदनाच्या पोस्ट टाकल्या. त्यांचा तिच्याशी काही करार नव्हता. तिचं काम बघणाऱ्या कंपनीनं त्यांच्याविरुद्ध कायदेशीर पावलं उचलायची तयारी केली. मुद्दा सरळ होता. अभिनंदनाच्या आडून तिचा चेहरा फुकट वापरून जाहिरात होत होती. गगनबावड्यातल्या दुकानाला कुणी नोटीस पाठवेल का, हा प्रश्नच चुकीचा आहे. तिच्या मेहनतीवर आपलं नाव चिकटवायचं का, हा खरा प्रश्न. स्पर्धेचा लोगो आणि चॅनलवरची क्लिप यांनाही हेच लागू. ‘फायनल’, ‘वर्ल्ड कप’ हे शब्द मात्र सगळ्यांचे. दिल्ली उच्च न्यायालयानं २००३ मध्येच, आयसीसीनं केलेल्या एका खटल्यात, लोगो न वापरता नुसता ‘वर्ल्ड कप’ शब्द वापरणाऱ्या जाहिरातींवर बंदी घालायला नकार दिला होता. फोटो पाहिजेच असेल तर आपला काढा. शटर, रिकामी गल्ली, टीव्हीसमोरच्या चपलांचा ढीग. तो दुसऱ्या कुणाकडं नसतो.

‘मग विकायचं कधी?’ मामानं विचारलं, आणि ते रास्त होतं. दुकान धर्मादाय नाही. आम्ही चार दिवस थांबलो. गुरुवारी वेगळी पोस्ट टाकली, मॅचचा उल्लेख न करता. मुलीसाठी बॅट घेताना वय सांगू नका, उंची सांगा. लांब बॅट घेऊन ‘पुढं वापरेल’ म्हणू नका, मनगट दुखतं आणि खेळ सुटतो. शाळेतल्या मुलींसाठी चार, पाच, सहा नंबरच्या बॅट दुकानात आहेत, हातात धरून बघा. ज्या घरात त्या रात्री एखादी पोर जागी होती, तिथं ही माहिती कामाची होती. त्या आठवड्यात तीन मुली वडिलांना घेऊन आल्या. पोस्ट बघून आल्या की मॅच बघून, ते मामानं विचारलं नाही. मीही यावरून काही सिद्ध झालं असं म्हणत नाही.

मी आता कुठलीही पोस्ट टाकण्याआधी एक गोष्ट करते. मजकुरातून दुकानाचं नाव आणि किंमत झाकते, आणि उरलेलं गावातल्या एखाद्या माणसानं ओट्यावर बसून म्हटलं असतं का, ते बघते. ‘पाऊस थांबायची वाट बघणं आम्हाला शिकवू नका’ हे कुणीही म्हटलं असतं. ‘जल्लोष ऑफर’ कुणीच म्हणत नाही. पुढच्या फायनलला तुमच्या काकाच्या हॉटेलची पोस्ट तुमच्याकडं आली, तर ऑफर नंतर ठरवा. आधी काकांना विचारा, त्या दिवशी शटर किती वाजता ओढणार?