विश्लेषण : घरात कूलर आहे म्हणून कुटुंब सधन? सर्वेक्षणात श्रीमंती कशी मोजतात?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या बातम्यांत ‘सर्वांत गरीब गटातील महिला’, ‘श्रीमंत गटातील बालके’ असे उल्लेख येतात. या सर्वेक्षणात कुटुंबाचे उत्पन्न मात्र विचारलेच जात नाही. मग गरीब कोण आणि श्रीमंत कोण, हे ठरते कसे? जळगाव-धुळ्यातील घरांच्या उदाहरणातून समजून घेऊ.

उत्पन्न का विचारत नाहीत?

कापूस किंवा केळी पिकवणाऱ्या घरात पैसा हंगामात येतो आणि भावावर अवलंबून असतो. शेतमजुराची कमाई आठवड्यागणिक बदलते. वर्षाचा नेमका आकडा त्यांनाही सांगता येत नाही. महिन्याचा खर्च नोंदवायचा तर प्रश्नावली फार लांबते.

म्हणून प्रगणक दिसणाऱ्या गोष्टी विचारतात : घराची जमीन, भिंती आणि छत कशाचे, शौचालय कसे, स्वयंपाकाला इंधन कोणते, पंखा, टीव्ही, फ्रिज, दुचाकी, ट्रॅक्टर आहे का. डिऑन फिल्मर आणि लँट प्रिचेट या अर्थतज्ज्ञांनी 1992-93च्या याच सर्वेक्षणाची माहिती वापरून दाखवले, की अशा ‘हो-नाही’ उत्तरांवरून मुलांच्या शाळेतील उपस्थितीत गरीब-श्रीमंत असा फरक दिसतो. त्यांचा लेख 2001 मध्ये प्रसिद्ध झाला.

गुण कसे ठरतात?

कोणत्या वस्तूला किती वजन, हे तज्ज्ञ मनाने ठरवत नाहीत. ‘प्रमुख घटक विश्लेषण’ ही संख्याशास्त्रीय पद्धत कोणत्या वस्तू एकत्र आढळतात ते पाहते. फ्रिज असलेल्या घरांत बहुधा फरशी आणि गॅसही असतो, म्हणून या गोष्टींना धन वजन मिळते. मातीच्या जमिनीला ऋण वजन मिळते. जवळपास सर्वांकडे असलेली वस्तू घराघरांतला फरक सांगू शकत नाही.

समजण्यासाठी तीनच प्रश्नांचे काल्पनिक गणित करू. कूलर असेल तर अधिक 0.35, नसेल तर उणे 0.12. दुचाकी असेल तर अधिक 0.20, नसेल तर उणे 0.20. मातीची जमीन असेल तर उणे 0.31, नसेल तर अधिक 0.20.

जळगाव शहरात भाड्याने राहणाऱ्या, कूलर आणि दुचाकी असलेल्या फरशीच्या घराची बेरीज 0.75 होते. साक्री तालुक्यात दुचाकी आहे, पण कूलर नाही आणि जमीन सारवलेली आहे, अशा घराची बेरीज उणे 0.23 येते. पहिल्या घरातील दुचाकी हप्त्यावर असेल आणि दुसऱ्या घरावर एक रुपयाचेही कर्ज नसेल, तरी या आकड्यांत फरक पडत नाही. निर्देशांक कर्ज पाहत नाही.

पुढे घराचा गुण त्यातील प्रत्येक सदस्याला देतात, देशभरातील सदस्यांची गुणांनुसार रांग लावतात आणि तिचे 20-20 टक्क्यांचे पाच गट करतात.

खानदेशात अडचण कुठे येते?

एक उदाहरण कूलरचे. प्रश्नावलीत एसी आणि कूलर एकाच प्रश्नात येतात. मे महिन्यात 45 अंशांच्या आसपास तापणाऱ्या जळगावात साधा कूलर ही गरज असते. रत्नागिरीच्या दमट हवेत तो फारसा चालत नाही, त्यामुळे तिथे सधन घरही तो घेणार नाही. उत्तर ‘हो’ की ‘नाही’, यात पैशाइतकाच हवामानाचाही हात असतो.

उलट उदाहरण धाब्याच्या घराचे. जाड मातीचे छत उन्हाळ्यात घर थंड ठेवते, पण गुणांच्या हिशेबात ते कच्च्या बांधकामाच्या बाजूला जाते.

शहरी वस्तूंमुळे गाव सरसकट गरीब दिसू नये, म्हणून नव्या पद्धतीत शहर आणि गावाचे निर्देशांक वेगळे काढून मग जोडतात. त्यात जमीन, जनावरांसारखी मालमत्ताही धरता येते. पण एकाच राज्यातील कोरड्या आणि दमट भागांतला फरक यामुळे मिटत नाही.

गडबड ओळखायची कशी?

प्रत्येक वस्तूची मालकी पाचही गटांत मांडून पाहावी. गरीब गटाकडून श्रीमंत गटाकडे जाताना ती वाढत गेली, तर वस्तू तिथे श्रीमंती दाखवते. जळगावच्या ग्रामीण भागात कूलर खालच्या आणि वरच्या गटांत सारखाच दिसला, तर तो तिथे उन्हाचे माप देतो, पैशाचे नाही.

आकडे वाचताना काय लक्षात ठेवावे?

गट देशाच्या रांगेवरून पडतात. त्यामुळे एखाद्या जिल्ह्यातील बरोबर 20 टक्के लोक सर्वांत खालच्या गटात असतीलच असे नाही. धुळे आणि जळगावची तुलना करता येते ती याच कारणाने. पण संपूर्ण देशासाठी हा गट प्रत्येक फेरीत 20 टक्केच राहणार. म्हणून ‘देशातील गरिबी घटली का’ या प्रश्नाचे उत्तर या गटांत सापडणार नाही. कोण कोणाच्या मागे आहे, एवढेच ते सांगतात.