कूस बदलायची पाळी कोणाची?

घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या पाठीला जखम झाली की वस्तीत एकच वाक्य ऐकू येतं, "सुनेनं लक्ष दिलं नाही." उमरी आणि आसपासच्या गावांत आजारी माणसं पाहायला आम्ही कार्यकर्त्या जातो, तेव्हा हे वाक्य दारातच कानावर पडतं. आमचं म्हणणं वेगळं आहे. अशी जखम दिसली तर आधी विचारावं, रात्री दोन वाजता या माणसाची कूस कोण बदलतं? आणि त्यांचा मुलगा तेव्हा कुठे असतो?

एक घर डोळ्यांसमोर धरू. सासरे सत्तरीचे. लकवा मारला, उजवी बाजू गेली. नांदेडला विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यातून घरी आणलं. सासूचे गुडघे गेलेले, त्यांच्याकडून उचलणं होत नाही. मुलगा जिनिंगवर हमाली करतो. सून कापूस वेचायला जायची, ते आता बंद झालं. आमच्या वस्त्यांत अशी घरं पुष्कळ आहेत.

स्वतः हलता न येणाऱ्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं. एकाच जागी दाब राहिला की तिथलं रक्त थांबतं आणि कातडी आतून मरायला लागते. माकडहाड, कुल्ला, टाचा आणि खांदा ही तिच्या धोक्याची ठिकाणं. पुस्तकात लिहिलेलं असतं की जागा लाल होते. आपल्या सावळ्या-काळ्या कातडीवर ती लाली बहुतेक वेळा दिसतच नाही. म्हणून रोज अंग पुसताना उजेडात पाहायचं आणि हाताने चाचपायचं. शेजारच्या कातडीपेक्षा ती जागा जास्त काळी किंवा जांभळट, गरम, कडक किंवा पिलपिली लागते का? लागली तर समजायचं की जखमेची सुरुवात आहे. त्या जागेवर भार येऊ द्यायचा नाही आणि ती चोळायचीही नाही. टाच गादीला टेकू नये म्हणून पोटरीखाली उशी ठेवायची. कातडी फुटली, काळी पडली, वास आला किंवा ताप आला तर हळद-पावडर भरत न बसता दवाखान्यात न्यायचं.

आता रात्रीचा हिशेब मांडू. दहा, बारा, दोन, चार, सहा. पाच वेळा उठायचं. हे एकट्या सुनेवर असेल तर तिला सलग दोन तास झोप मिळत नाही. पुन्हा दिवसभर पाणी भरणं, स्वयंपाक, लेकरं, धुणं आहेच. चार-आठ दिवस ती उठेल, मग एका रात्री दोनची वेळ चुकेल, नंतर चारचीही चुकेल. जखम तिथून सुरू होते. सरकारी दवाखान्यात नर्सच्या पाळ्या असतात आणि रात्रपाळी केली की सुट्टी मिळते. कारण थकलेल्या हातून चूक होते, हे तिथे मान्य आहे. घरात मात्र सगळ्या पाळ्या एकाच बाईच्या, त्याही रोज.

हीच रात्र वाटून पाहा. दहा, बारा आणि दोनला नवरा उठला, चार आणि सहाला बायको. तिला साडेनऊपासून चारपर्यंत सलग झोप मिळते. दोन वाजून गेल्यावर तो सकाळी कामाला जायच्या वेळेपर्यंत झोपतो. झोप दोघांचीही मोडते, पण कूस चुकत नाही. आणि कामावरून आल्यावर सासऱ्यांना वर सरकवायचं असेल तेव्हा दोघांनी मिळून सरकवावं. खाली जुन्या लुगड्याची चौघडी घालायची, दोन्ही बाजूंनी धरायची, उचलून सरकवायचं. एकटी बाई काखेत हात घालून ओढते तेव्हा सासऱ्यांची कातडी घासते, लकव्याचा खांदा दुखावतो आणि तिची कंबर जाते.

दुसरी गोष्ट लाजेची. शी-लघवी सुनेनं काढायची, हे सासऱ्यांना सहन होत नाही. ते बोलत नाहीत, पण पाणी कमी पितात. दिवसाला दोन पेले. त्यांना वाटतं, प्यायलो नाही तर तिला त्रास होणार नाही. मग लघवी गडद पिवळी होते, जळजळते, संडास कडक होते, ताप येतो, म्हातारा माणूस बरळायला लागतो. लोक म्हणतात, वय झालं. खरं कारण अनेकदा एवढंच असतं की अंग पुसायला मुलगा आला नाही. मुलगा सकाळी कामाला जाण्याआधी आणि आल्यावर बापाचं अंग धुतो, तिथे म्हातारा मोकळेपणानं पाणी मागतो. हे आम्ही घरोघर पाहिलं आहे. (हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारात पाणी किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारावं. पाणी पिताना ठसका लागत असेल तर बसवून, थोडं-थोडं द्यावं आणि डॉक्टरांना सांगावं.)

यावर आमचे भाऊ दोन उत्तरं देतात. पहिलं, "मी कमावतो." बरोबर आहे, पण तीही कमावत होती. तिची वेचणी बुडाली, ती मजुरी कोणाच्या हिशेबात धरली? दुसरं, "तिला जमतं, मला जमत नाही." तिलाही जमत नव्हतं. सुट्टी होताना सिस्टर जे शिकवते ते खाटेजवळ उभ्या असलेल्या माणसाला शिकवते. त्या वेळी मुलगा औषधं आणायला आणि कागद करायला गेलेला असतो. म्हणून भावांनो, कागद दुसऱ्या कोणाला करू द्या आणि तुम्ही खाटेजवळ थांबा. कूस बदलणं पंधरा मिनिटांत शिकता येतं.

हे बायकांचंच काम, असं आपला धम्म सांगत नाही. विनयपिटकाच्या महावग्गात एका आजारी भिक्खूची हकिकत आहे. पोटाच्या आजारानं तो स्वतःच्याच घाणीत पडला होता आणि कोणी त्याच्याकडे पाहत नव्हतं. तथागतांनी पाणी ओतलं, आनंदाने त्याला धुतलं, मग दोघांनी डोक्याकडून आणि पायांकडून धरून त्याला खाटेवर ठेवलं. पाळी वाटून घेतलेले ते दोघे पुरुष होते. आई-वडिलांना सांभाळण्याचा उपदेशही बुद्धांनी सिगालाला, म्हणजे मुलालाच केला.

कायदाही तेच सांगतो. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यात 'अपत्य' म्हणजे मुलगा, मुलगी, नातू आणि नात. त्या व्याख्येत सून नाही. सून करते ते मायेनं करते, तिच्यावर टाकून मुलाची जबाबदारी संपत नाही. लेक सासरी गेली म्हणून तीही सुटत नाही. नणंदबाई महिन्यातून चार दिवस येऊन राहिल्या तर भावजयीला तेवढ्या रात्री झोप मिळेल.

आणि यातूनच पुढचा प्रश्न येतो. सूनही कोणाची तरी लेक आहे. तिच्या आईला उद्या लकवा मारला तर तिला माहेरी किती दिवस राहता येईल? त्या दिवसांत इकडे बापाची पाचही वेळा कूस कोण बदलेल? ज्या घरात नवरा याचं उत्तर "मी" असं देऊ शकतो, त्या घरात वाटणी बरोबर झाली आहे असं आम्ही समजू.

जयभीम.